सिल्व्हर आयोडेटची विद्राव्यता, आयनिक वातावरण आणि ०.०१ मोलरची ती 'मर्यादा'

प्रश्न: मी ठाण्यात एम.एस्सी. भाग १ ला आहे. प्रात्यक्षिकात २५ अंशांना सिल्व्हर आयोडेटची संपृक्त द्रावणे केली आणि प्रत्येकी १०० मिली गाळलेले द्रावण घेऊन ०.०१ मोलर थायोसल्फेटने आयोडेटचे टायट्रेशन केले. शुद्ध पाण्यासाठी १०.६० मिली, ०.००१ मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्ये १०.८५, ०.०१ मोलरमध्ये ११.७५ आणि ०.१ मोलरमध्ये १४.३० मिली लागले. समाईक आयन नसताना विद्राव्यता का वाढते? डिबाय-ह्युकेलचा लिमिटिंग लॉ, म्हणजे सीमांत नियम, ०.०१ पर्यंत तंतोतंत जुळतो आणि ०.१ ला चुकतो, म्हणजे ०.०१ ही त्याची मर्यादा समजायची का? आणि आयनिक वातावरण प्रत्यक्षात असते तरी काय?

उत्तर:

तुमची रीडिंग्ज चांगली आहेत. मात्र ०.०१ मोलरला जे जुळले त्याचा अर्थ तुम्ही लावला आहे त्यापेक्षा बराच कमी आहे, आणि ०.१ मोलरला जे चुकले त्यात शिकण्यासारखे अधिक आहे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील प्रयोगशाळांमध्ये वीसहून अधिक वर्षे विश्लेषणाचे काम केले आहे आणि आता ठाण्यात विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेतो. त्या अनुभवावरून सांगतो की या प्रयोगातील खरा प्रश्न 'नियम कुठवर खरा' हा नसून 'माझ्या ब्युरेटला नियमाची चूक कुठून पुढे दिसू लागते' हा आहे. त्याचे उत्तर आयनांच्या भारावर, तापमान किती स्थिर ठेवले यावर आणि पाण्याच्या शुद्धतेवर अवलंबून असते, म्हणून सर्वांसाठी एकच आकडा सांगता येत नाही.

प्रथम आयनिक वातावरणाविषयी, कारण बाकीचे सगळे त्यातून निघते. द्रावणातील एक सिल्व्हर आयन मनात धरा. त्याच्या भोवती नायट्रेट, पोटॅशियम, आयोडेट आणि इतर सिल्व्हर आयन सतत हलत असतात. उष्णतेमुळे त्यांची हालचाल यादृच्छिक असते, पण पूर्णपणे नसते, कारण ऋण आयन या धन आयनाजवळ थोडा अधिक वेळ राहतात आणि धन आयन थोडा कमी. बराच काळ सरासरी काढली तर त्या आयनाभोवती ऋण भाराचे एक पातळ आवरण पसरलेले दिसते, आणि त्या आवरणातील एकूण भार बरोबर उणे एक असतो, म्हणजे मधल्या आयनाला तोलणारा. हेच आयनिक वातावरण. मधल्या आयनापासून ज्या अंतरावर या भाराचा सर्वाधिक वाटा सापडतो त्या अंतराला डिबाय लांबी म्हणतात. २५ अंशांच्या पाण्यात ती ०.३०४ नॅनोमीटर भागिले आयनिक तीव्रतेचे वर्गमूळ इतकी असते. म्हणजे आयनिक तीव्रता ०.००१ असताना ९.६ नॅनोमीटर, ०.०१ असताना ३.० आणि ०.१ असताना ०.९६ नॅनोमीटर.

'वातावरण' हा शब्द ऐकून अनेक विद्यार्थी आयनाभोवती ठाणे स्थानकाच्या फलाटासारखी दाटी कल्पितात. ती कल्पना एका साध्या हिशेबाने दुरुस्त होते. ०.०१ मोलर द्रावणात ३.०४ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोलाचे आकारमान सुमारे ११८ घन नॅनोमीटर भरते आणि एका घन नॅनोमीटरमध्ये प्रत्येक प्रकारचे ०.००६ आयन असतात. त्या संपूर्ण गोलात सरासरीने धन आणि ऋण मिळून जेमतेम दीड आयन येतो. आता द्रावण दहापट विरल करा. गोलाची त्रिज्या ९.६ नॅनोमीटर होते, आकारमान तीस पटींहून अधिक वाढते आणि आयनांची घनता मात्र दहापटच घटते, त्यामुळे गोलात आता साडेचार आयन येतात. द्रावण जितके विरल तितके वातावरणात सहभागी होणारे आयन अधिक, ही गोष्ट प्रथम उलटी वाटते, पण सीमांत नियमाचे मर्म तिच्यातच आहे. या सिद्धांतात सुट्या आयनांच्या जागी सलग पसरलेला सरासरी भार धरलेला असतो. वातावरणात दीडच आयन असताना ही सरासरी ओढूनताणून काढलेली असते. अनेक आयन असताना ती अर्थपूर्ण होते. दुसरे म्हणजे हे आयन आता मधल्या आयनापासून बरेच दूर असतात, तिथे विद्युत आकर्षणाची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या तुलनेत अल्प असते, आणि म्हणून सिद्धांतातील घातांकी पदाच्या जागी सरळ रेषेतील पद वापरण्याची सूटही योग्य ठरते. नियम विरल द्रावणात खरा ठरतो तो त्यातील दोन्ही गृहीतके तिथे एकाच वेळी खरी होत जातात म्हणून.

आता समाईक आयन नसताना विद्राव्यता का वाढली ते पाहू. वातावरणाचा ऋण भार मधल्या सिल्व्हर आयनाची ऊर्जा थोडी कमी करतो. आयोडेट आयनाभोवती धन वातावरण असते, त्याचेही तसेच होते. द्रावणातील आयन अशा रीतीने अधिक स्थिर झाले, परंतु घन सिल्व्हर आयोडेट जसेच्या तसे राहिले, म्हणून समतोल द्रावणाच्या बाजूला सरकतो. सूत्राच्या भाषेत विद्राव्यता गुणाकार हा संहतींचा नसून सक्रियतांचा असतो.

K = s² γ±²

इथे s म्हणजे विद्राव्यता आणि γ± म्हणजे दोन्ही आयनांचा सरासरी सक्रियता गुणांक. K स्थिर आहे. पोटॅशियम नायट्रेटने आयनिक तीव्रता वाढली, γ± घटला, म्हणून s वाढलाच पाहिजे. नायट्रेट सिल्व्हरशी संयोग करत नाही आणि पोटॅशियम आयोडेटशी करत नाही असे धरूनही हे घडते, कारण इथे रासायनिक बंधाची गरज नाही, केवळ भारांची उपस्थिती पुरते. (हे 'धरणे' ०.१ मोलरला पूर्ण खरे राहत नाही, त्याकडे पुढे येतो.) तसेच या समीकरणात सिल्व्हरचा आणि आयोडेटचा सक्रियता गुणांक वेगळा काढण्याची सोयच नाही. मोजता येतो तो दोघांचा गुणाकार, आणि म्हणून आपण सरासरी गुणांकाविषयी बोलतो.

गुणांक किती घटेल हे डोळ्यांसमोर चित्र ठेवून काढता येते, आणि मी विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील दोन पाने भरणाऱ्या व्युत्पत्तीआधी हाच मार्ग दाखवतो. संपूर्ण वातावरणाचा मधल्या आयनावर होणारा परिणाम, जणू तितकाच विरुद्ध भार बरोबर डिबाय लांबीवर गोळा झाला आहे असे धरून काढलेल्या परिणामाइतकाच असतो. दुसरीकडे, पाण्यात दोन एकभारी आयनांमधील विद्युत ऊर्जा औष्णिक ऊर्जेइतकी होते ते अंतर ०.७१ नॅनोमीटर आहे. म्हणून औष्णिक ऊर्जेच्या एककात मधल्या आयनाची वातावरणाशी असलेली ऊर्जा ०.७१ भागिले डिबाय लांबी इतकी येते. यातील अर्धीच मोजायची, कारण वातावरण आधीपासून तयार नसते. आयनाचा भार शून्यापासून वाढवत नेला तर वातावरणही त्याच्याबरोबर वाढत जाते. तुमच्या ०.०१ मोलर बाटलीत सिल्व्हर आयोडेटचे स्वतःचे आयन धरून आयनिक तीव्रता ०.०१०२ आहे, डिबाय लांबी ३.०१ नॅनोमीटर आहे, आणि ०.७१४ भागिले ६.०२ म्हणजे ०.११९. हा गुणांकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम, ऋण चिन्हासह. त्यावरून γ± निघतो ०.८८८. नेहमीच्या रूपात लिहिलेला नियम अगदी हेच सांगतो:

log γ± = −0.509 |z₊z₋| √I

०.५०९ हा आकडा पाण्याचा परावैद्युतांक आणि २५ अंश तापमान यांतून आलेला आहे, सिल्व्हर किंवा आयोडेट यांच्या कोणत्याही गुणधर्मातून नाही. वर्गमूळही त्याच चित्रातून येते. आयन चौपट केले की वातावरण निम्म्या अंतरावर येते आणि परिणाम दुप्पट होतो.

हे वर्गमूळ सहजासहजी सापडलेले नाही. १९१८ मध्ये कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी द्रावणातील आयन स्फटिकासारख्या जाळीत मांडलेले आहेत असे धरून सिद्धांत मांडला होता, आणि तशा मांडणीत शेजारच्या आयनाचे अंतर महत्त्वाचे असल्याने संहतीचे घनमूळ येते. १९२१ मध्ये लुईस आणि रँडल यांनी प्रायोगिक आकड्यांवरून आयनिक तीव्रतेची कल्पना पुढे आणली, आणि १९२३ मध्ये डिबाय व ह्युकेल यांनी जाळीऐवजी सरासरी वातावरण धरून वर्गमूळ सिद्ध केले. शेजाऱ्याचे अंतर आणि वातावरणाची जाडी या दोन वेगळ्या लांबी आहेत, आणि विरल द्रावणात निर्णय दुसरीच्या बाजूने लागतो, एवढे या इतिहासातून लक्षात ठेवावे.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. १०० मिलीतील प्रत्येक आयोडेटला सहा थायोसल्फेट लागतात, म्हणून १०.६० मिलीवरून पाण्यातील विद्राव्यता ०.१७६७ मिलिमोल प्रति लिटर येते. बाकीच्या अनुक्रमे ०.१८०८, ०.१९५८ आणि ०.२३८३. शुद्ध पाण्यातही आयनिक तीव्रता शून्य नसते हे विसरू नका. सिल्व्हर आयोडेटच्या स्वतःच्या आयनांमुळे ती ०.०००१७७ आहे आणि γ± ०.९८४५ आहे. म्हणजे K चे वर्गमूळ ०.१७६७ नसून ०.१७३९ आहे. ही दीड टक्क्याची दुरुस्ती अनेक जर्नलांत सुटलेली दिसते आणि मग पुढचा प्रत्येक γ± दीड टक्क्याने मोठा येतो.

या पायावर नियमाची भाकिते काढली तर ०.००१ मोलरसाठी १०.८६ मिली, ०.०१ साठी ११.७५ मिली आणि ०.१ साठी १५.१२ मिली येतात. पहिली दोन तुमच्याशी जुळतात, तिसऱ्यात ०.८ मिलीची तफावत आहे.

मी ०.०१ च्या जुळण्याला फारसे महत्त्व देत नाही, त्याचे कारण आता सांगतो. सीमांत नियमात आयन बिंदूवत धरले आहेत. प्रत्यक्षात त्यांना आकार आहे, आणि वातावरण आयनाच्या केंद्रापर्यंत शिरू शकत नाही, त्याच्या पृष्ठभागापासून सुरू होते. हा आकार धरणाऱ्या विस्तारित समीकरणात उजव्या बाजूला (१ + Ba√I) ने भागायचे असते. इथे a हे दोन आयनांच्या केंद्रांतील किमान अंतर आहे आणि B ची किंमत ३.२९ प्रति नॅनोमीटर आहे. a सुमारे ०.३ नॅनोमीटर धरल्यास Ba जवळजवळ एक येतो, म्हणून हिशेब सोपा होतो. या समीकरणाचे ०.०१ मोलरसाठीचे भाकीत आहे ११.६२ मिली. सीमांत नियम ११.७५ म्हणतो. दोघांत फरक ०.१३ मिलीचा, म्हणजे ब्युरेटचे अडीच थेंब. पाण्याचे रीडिंग आणि या बाटलीचे रीडिंग, दोन्हींत एकेका थेंबाची चूक शक्य आहे, त्यामुळे तुमचे ११.७५ हे सीमांत नियमाच्या बाजूने झुकलेले असले तरी त्यावरून निकाल देता येत नाही. ०.००१ मोलरला तर दोन समीकरणांतील फरक ०.०२ मिलीहून कमी आहे आणि ब्युरेट तो दाखवूच शकत नाही. थोडक्यात, ०.०१ ला नियम संपत नाही आणि तिथपर्यंत तो तंतोतंतही नसतो. तो फक्त शून्याशी तंतोतंत असतो, आणि शून्यापासून दूर जाताना चूक अखंड वाढत जाते. एकभारी आयनांसाठी ०.००१ ला गुणांकात हजारात एक-दोन भागांची चूक होते, ०.०१ ला शेकड्यात एक ते दोन भागांची आणि ०.१ ला शेकड्यात पाच ते पंधरा भागांची. पुस्तकातील ०.०१ हा आकडा कोणीतरी 'एक टक्का चूक चालेल' असे ठरवून घेतलेला आहे. तुमची चाचणी एक टक्क्याचीच असेल तर तो योग्य आहे.

हायड्रोक्लोरिक आम्लाची तुलना इथे उपयोगी पडते, कारण त्याचे गुणांक विद्युत घटांच्या साहाय्याने फार काळजीपूर्वक मोजलेले आहेत. ०.००१ मोलालला प्रयोग ०.९६५ सांगतो आणि नियम ०.९६४. ०.०१ ला प्रयोग ०.९०५ आणि नियम ०.८८९. ०.१ ला प्रयोग ०.७९६ आणि नियम ०.६९०. तुमच्या ०.१ मोलर बाटलीत γ± ०.७३० आला. दोन्ही पदार्थ नियमापासून एकाच दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला ढळले, पण हायड्रोक्लोरिक आम्ल बरेच अधिक ढळले. सुरुवात सर्वांची सारखी, पुढची वाट ज्याची त्याची, हाच 'सीमांत' शब्दाचा अर्थ आहे. तो वक्राचा शून्याशी असलेला ढळ, म्हणजे स्लोप, आहे. १९२४ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि ला मेर यांनी कोबाल्टच्या अमाइन संयुगांची अतिविरल विद्राव्यता मोजून हा ढळ वेगवेगळ्या भारांसाठी तपासला, आणि तो भारांच्या गुणाकाराप्रमाणेच बदलतो असे त्यांना आढळले. अल्पविद्राव्य क्षार निवडण्यातील त्यांची युक्ती तीच तुमच्या प्रयोगात आहे. क्षार स्वतः इतका कमी विरघळतो की आयनिक तीव्रता जवळपास संपूर्णपणे तुमच्या हातात राहते.

०.१ मोलरच्या रीडिंगमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. a साठी ०.३ नॅनोमीटर धरल्यास विस्तारित समीकरण १३.८४ मिली सांगते. तुम्हाला १४.३० लागले. प्रयोगाशी जुळवून a काढला तर तो ०.१७ नॅनोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे सिल्व्हर आणि आयोडेट प्रत्यक्ष चिकटले तरी त्यांच्या केंद्रांत जे अंतर राहील त्याहून कमी. ही भौतिकदृष्ट्या अशक्य गोष्ट आहे आणि तिच्यामुळे गोंधळून जाऊ नका. सिल्व्हरचे काही आयन नायट्रेट किंवा आयोडेटबरोबर आणि आयोडेटचे काही पोटॅशियमबरोबर अल्पकाळ जोडीने राहतात. जोडीत गेलेला आयन मुक्त आयनांच्या हिशेबात मोजला जात नाही, पण टायट्रेशनमध्ये आयोडेट म्हणून मोजला जातोच, त्यामुळे विद्राव्यता थोडी अधिक आणि γ± थोडा कमी दिसतो. जुळवलेला a ही सगळी भर आपल्या पोटात घेतो. म्हणून अशा प्रयोगातून 'आयनाचा आकार मोजला' असे जर्नलात लिहू नये. ही माझी ठाम सूचना आहे.

अनेकांच्या हातून होणारी मोठी चूक आलेख काढताना होते. चारही बिंदू घेऊन संगणकावर विद्राव्यतेचा लॉगॅरिदम आणि √I यांची एक सरळ रेषा बसवली जाते. तुमच्या आकड्यांवर तसे केल्यास ढळ ०.४३ येतो आणि शून्याकडे वाढवलेली रेषा K चे वर्गमूळ ०.१७५३ दाखवते. सहसंबंध गुणांक ०.९९ च्या वर असतो, त्यामुळे सर्वांचे समाधान होते. प्रत्यक्षात ०.१ चा एकटा दूरचा बिंदू रेषेला खाली खेचत असतो. पाण्यापासून ०.०१ पर्यंतचाच ढळ पाहिला तर तो ०.५१ आहे, आणि ०.०१ पासून ०.१ पर्यंतचा ०.४०. ढळ वाटेत बदलतो आहे हे दिसत असताना एक रेषा बसवणे योग्य नाही. दुसऱ्या टोकाला, पाणी आणि ०.००१ या दोनच बिंदूंवरून ढळ काढण्याचा मोहही आवरावा. त्यांच्या √I मध्ये ०.०२१ चे अंतर आहे आणि ब्युरेटच्या एका थेंबाने हा ढळ ०.१ ने वरखाली होतो. नियम जिथे सर्वांत खरा तिथे त्याचा परिणाम मोजायला सर्वांत कठीण, ही या विषयातील कायमची अडचण आहे.

ही अडचण किती नाजूक आहे ते दोन आकड्यांनी सांगतो. ०.००१ मोलर नायट्रेटचा संपूर्ण परिणाम तुमच्या ब्युरेटवर सुमारे पाव मिलीचा आहे. सिल्व्हर आयोडेट विरघळताना मोलमागे सुमारे ५५ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, त्यावरून तापमान एक अंशाने वाढले की विद्राव्यता साडेतीन टक्क्यांहून थोडी अधिक वाढते, म्हणजे जवळजवळ ०.४ मिली. एका अंशाचा फरक तुमच्या पहिल्या बाटलीच्या परिणामाहून मोठा आहे. ठाण्यातील मे महिन्यात खिडकीजवळची बाटली आणि आतल्या टेबलावरची बाटली यांत एका अंशाचा फरक सहज पडतो. म्हणून सर्व बाटल्या एकाच थर्मोस्टॅटमध्ये, ०.१ अंशाच्या आत, पूर्ण रात्रभर हलवत ठेवाव्यात आणि गाळणेही शक्यतो त्याच तापमानाला करावे. गाळताना द्रावण गार झाले तर घन बाहेर पडतो, गरम झाले तर गाळणपत्रावरचा घन विरघळतो.

दुसरा धोका क्लोराइडचा आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेत, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, हाच प्रयोग नव्या सहकाऱ्यांच्या सरावासाठी लावला होता. ढळ व्यवस्थित आला, पण K प्रत्येक वेळी पाच टक्के अधिक येत होता. आम्ही थायोसल्फेट पुन्हा प्रमाणित केले, ब्युरेट बदलली, काहीच फरक पडला नाही. शेवटी पाण्याची वाहकता मोजली आणि विआयनीकरणाच्या स्तंभातील रेझिन संपत आल्याचे कळले. पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिमोल क्लोराइड, म्हणजे फक्त ०.३५ मिलिग्रॅम असले, तरी ते बहुतांशी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते, तेवढे सिल्व्हर द्रावणातून जाते, आणि गुणाकार टिकवण्यासाठी आयोडेट अधिक विरघळते. ही वाढ पुन्हा पाव मिलीचीच येते. आयनिक वातावरणाचा परिणाम आणि घाणेरड्या पाण्याचा परिणाम, दोन्ही एकाच मापाचे.

दोष कोणता हे आलेखावरून बऱ्याच अंशी ओळखता येते. पाण्यात क्लोराइड असेल तर ते सर्व बाटल्यांत सारखेच असते, म्हणून संपूर्ण रेषा वर सरकते आणि ढळ जवळपास तसाच राहतो, जसे आमच्या बाबतीत झाले. क्लोराइड पोटॅशियम नायट्रेटमधून येत असेल तर ते मिठाच्या प्रमाणात वाढते, पाण्याचा बिंदू योग्य जागी राहतो आणि संहत बाजूचे बिंदू वर उचलले जातात. ०.१ मोलरसाठी लिटरमागे दहा ग्रॅम मीठ घालावे लागते आणि त्यात ०.००३५ टक्के क्लोराइड असले तरी वरचाच परिणाम घडतो, म्हणून बाटलीवरील क्लोराइडची मर्यादा वाचूनच मीठ निवडा. तापमानाचा दोष असेल तर बिंदू कोणत्याही क्रमाशिवाय विखुरतात आणि तीच बाटली दुसऱ्या दिवशी वेगळे रीडिंग देते. पाण्यासाठी माझी कसोटी अशी की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चांगल्या पाण्याची वाहकता दर सेंटिमीटरला एक मायक्रोसीमेन्सच्या आसपास स्थिरावते, आणि लिटरमागे ०.०१ मिलिमोल सोडियम क्लोराइड तीत सव्वा मायक्रोसीमेन्सची भर घालते. दोनच्या वर रीडिंग दिसले की ते पाणी मी या प्रयोगाला वापरत नाही.

भार वाढले की हे सगळे किती लवकर बिघडते तेही सांगून ठेवतो, कारण पुढच्या सत्रात तुम्ही बेरियम सल्फेटकडे वळाल. तिथे भारांचा गुणाकार चार आहे, त्यामुळे ०.०१ आयनिक तीव्रतेलाच सीमांत नियम γ± ०.६३ सांगतो आणि आकार धरणारे समीकरण ०.६५. चूक आता शेकड्यात चार भागांची झाली. एक टक्क्याच्या आत राहायचे असेल तर आयनिक तीव्रता ०.००२ च्या आसपास किंवा खाली ठेवावी लागते, आणि जोड्या होण्याची प्रवृत्तीही अशा आयनांत कितीतरी अधिक असते. म्हणून 'नियम ०.०१ पर्यंत चालतो' हे वाक्य आयनांचा भार न सांगता लिहू नये.

तुमच्या प्रयोगात मी एवढाच बदल सुचवेन. ०.००१ ची बाटली सोडून द्या, ०.१ ची वेगळी ठेवा, आणि त्यांच्या जागी ०.००३, ०.००६, ०.०२ आणि ०.०३ मोलरच्या बाटल्या लावा. गाळलेले द्रावण १०० ऐवजी २०० मिली घ्या, म्हणजे पाण्यासाठीच २१ मिली थायोसल्फेट लागेल आणि एका थेंबाच्या चुकीचे वजन निम्मे होईल. मग प्रत्येक बाटलीसाठी log s मधून ०.५०९√I वजा करा आणि जे उरते ते आयनिक तीव्रतेसमोर मांडा. नियम शून्याशी खरा असेल तर हे बिंदू शून्याजवळ आडवे होऊ लागतील आणि उजवीकडे जाताना खाली वळतील. डाव्या टोकाला ते ज्या उंचीवर पोचतात ती log √K. या मांडणीत नियमाचा भाग आधीच काढून टाकलेला असतो, त्यामुळे जे डोळ्यांना दिसते ते केवळ त्याच्यापासूनचे ढळणे असते. ब्युरेटच्या एका थेंबाइतकी उभी रेघ प्रत्येक बिंदूवर काढा. पहिल्या आडव्या भागापासून ज्या बिंदूची रेघ पूर्णपणे सुटते, ती आयनिक तीव्रता तुमच्या ब्युरेटसाठी आणि या क्षारासाठी मर्यादा म्हणून जर्नलात लिहा, आणि शेजारी थेंबाचे माप व थर्मोस्टॅटचे तापमानही नोंदवा.